आभाराच्या चिठ्ठीसाठी उघडलेली वही

१३ मे २०२५ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार होता. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आले. निकालाचं संकेतस्थळ उघडायला दहा मिनिटं गेली. मग लेकीचा बैठक क्रमांक टाकला, त्याखाली आईचं नाव विचारतात तिथे माझं नाव टाकलं आणि पान उघडलं. मी टक्केवारी बघितलीच नाही, आधी गणितावर बोट ठेवलं. शंभरपैकी ७६.

त्या ७६ चं मोल कळायला मागचे आकडे सांगायला हवेत. गणिताचे दोन पेपर असतात, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती, चाळीस-चाळीस गुणांचे, आणि उरलेले वीस गुण शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापनाचे. पहिल्या सत्रात माझ्या लेकीला बीजगणितात ११ होते आणि भूमितीत ९. म्हणजे ऐंशीपैकी २०. जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत ४१. शाळेचे १८ होते हे आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे बोर्डाच्या दोन पेपरांत मिळून ५८ पडले हे लगेच कळलं. लेक रडली, मी रडले, आणि पहिला फोन शिकवणीच्या बाईंना लावला.

फोन लागत नव्हता. दीड वाजता त्यांचाच आला. लेकीनं गुण सांगितले. "शाब्बास" म्हणाल्या, आवाजात खरा आनंद होता. मी म्हटलं, "बाई, संध्याकाळी पेढे घेऊन येतो आम्ही." त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "ताई, आज नको. आपल्या बॅचमधला एक मुलगा गणितात राहिलाय. मी आता त्याच्याकडेच चाललेय. जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे, त्याला आजच्या आज उभं करायला हवं. तुम्ही रविवारी या."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यासाठी तो एका मुलीचा निकाल होता, बाईंसाठी अकरा मुलांचा. शिकवणीच्या ग्रुपवर मी पेढ्यांचा फोटो आणि गुण टाकायला निघाले होते, तो हात मागे घेतला. त्या ग्रुपवर त्या मुलाची आईही होती.

रविवारपर्यंत चार-पाच दिवस मिळाले, आणि ते मिळाले म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आधी घरात चर्चा झाली ती काय द्यायचं याची. ह्यांचं म्हणणं मिक्सर द्यावा, सासूबाईंचं म्हणणं साडी, आणि माझ्या मनात पाकीट होतं. पाकिटात किती घालायचे हे ठरवायला मी घरखर्चाची वही काढली आणि त्यात एक गोष्ट सापडली. बाईंची फी महिना हजार रुपये होती. आम्ही ती जून ते फेब्रुवारी भरली होती. पण गणिताचे पेपर ५ आणि ७ मार्चला होते, आणि बाई ७ तारखेच्या सकाळपर्यंत शिकवत होत्या. मार्चची फी त्यांनी मागितली नव्हती आणि परीक्षेच्या गडबडीत आम्ही दिली नव्हती. त्या मागच्या बाकीवर भेटीचं पाकीट चढवून "आभार" म्हणणं मला बरोबर वाटेना. फी हा त्यांच्या कष्टाचा मोबदला आहे, ती आभारात धरायची नसते. दुसऱ्याच दिवशी ती वेगळी पाठवली आणि मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं, "मार्चची फी, आमच्याकडून राहिली होती, क्षमा असावी." ज्यांच्याकडे घरगुती शिकवणी लावलेली असते त्यांनी निकालानंतर आधी हे एकदा तपासावं असं मी मनापासून सांगेन. या बाया-माणसं बाकी मागत नाहीत, विशेषतः मूल परीक्षेच्या तोंडावर असताना.

मग ठरलं की साताऱ्याचे कंदी पेढे तर न्यायचेच, आणि सोबत हातानं लिहिलेलं पत्र. पत्र मी लिहायचं.

मी लिहायला बसले. "आपल्या अनमोल मार्गदर्शनामुळे आमच्या मुलीच्या आयुष्याला दिशा मिळाली. आपले ऋण आम्ही कधीही फेडू शकणार नाही." असं पानभर झालं. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, हे कुठल्याही बाईंना चालेल गं. आपल्या बाई यात कुठे आहेत?"

मी विचारलं, "मग काय लिहू? बाईंनी काय केलं ते तूच सांग." तिलाही नीट सांगता येईना. "शिकवलं छान," एवढंच. शेवटी ती उठली आणि माळ्यावरून शिकवणीच्या वह्या काढून आणल्या. नऊ महिने मी फक्त फी भरली होती आणि गुण विचारले होते, वह्या उघडून कधी बघितल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितल्या.

पहिली वही जूनची. तिच्यात दहावीचं काहीच नव्हतं. पूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्या, अपूर्णांक, कंस सोडवणं, आठवीतले अवयव. सलग तीन आठवडे हेच. आणि मला आठवलं, जुलैच्या सुरुवातीला मी बाईंना फोन करून म्हटलं होतं, "शाळेत दोन धडे झाले, तुम्ही अजून आठवीचंच काय घेताय? आम्ही दहावीची शिकवणी लावलीय." त्या तेव्हा शांतपणे म्हणाल्या होत्या, "ताई, मला अजून दोन आठवडे द्या." मी नाराजीनंच फोन ठेवला होता. आता वही समोर होती आणि माझी चूक माझ्यासमोर होती.

दुसरी वही वेगळीच होती. डाव्या पानावर गणित, उजवं पान रिकामं. उजव्या पानावर लेकीनं स्वतःच्या हातानं चूक लिहायची आणि तिला एक अक्षर द्यायचं. "चि" म्हणजे चिन्हाची चूक, "सू" म्हणजे सूत्र चुकलं, "वा" म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, "आ" म्हणजे आकडेमोड. दर शनिवारी बाई पानाच्या तळाशी लाल पेनानं मोजदाद लिहायच्या. ऑगस्टच्या एका आठवड्याची अशी होती: चि १४, सू २, वा ३, आ ४. मी रोज खतावण्या जुळवते, त्यामुळे असा तळाचा आकडा दिसला की माझी नजर तिथेच थांबते. सूत्रं दोनदाच चुकली होती. म्हणजे मुलीला गणित येत नव्हतं असं नव्हतंच. सूत्रं पाठ होती. भोक दुसरीकडे होतं.

ते कुठे होतं हे बाईंनी सप्टेंबरच्या एका पानावर तीन गणितं शेजारी-शेजारी लिहून दाखवलं होतं. मला ते पान इतकं आवडलं की मी लेकीकडून समजावून घेतलं. तिन्ही गणितं तीन वेगळ्या धड्यांतली.

पहिलं वर्गसमीकरण: x² − 5x − 14 = 0. सूत्रानं सोडवायचं. a = 1, b = −5, c = −14. लेकीनं b² च्या जागी −25 लिहिलं होतं. मग −25 + 56 = 31, आणि ३१ चं वर्गमूळ नीट येत नाही म्हणून गणित तिथेच सोडून दिलं होतं. खरं तर (−5)² = 25, 25 + 56 = 81, वर्गमूळ 9, आणि उत्तरं 7 व −2.

दुसरं अंकगणिती श्रेढीचं: 40, 37, 34, … विसावं पद काढा. d = −3. लेकीनं लिहिलं होतं 40 + 19 − 3 = 56. उतरत जाणाऱ्या श्रेढीत विसावं पद पहिल्यापेक्षा मोठं आलं होतं तरी तिच्या लक्षात आलं नव्हतं. बरोबर म्हणजे 40 + 19 × (−3) = −17.

तिसरं भूमितीच्या पेपरातलं, निर्देशक भूमितीचं: A(2, −3) आणि B(−4, 5) मधलं अंतर. y ची वजाबाकी 5 − (−3), म्हणजे 8. लेकीनं 5 − 3 = 2 धरलं होतं आणि 36 + 4 = 40 वर अडकली होती. 36 + 64 = 100 आलं असतं आणि अंतर 10.

तिन्हींखाली बाईंनी एकच ओळ लिहिली होती: "किंमत ठेवताना कंस नाही. तीन धडे कच्चे नाहीत, एक सवय कच्ची आहे."

त्या पानापासून पुढे प्रत्येक गणितात ऋण किंमत ठेवताना लाल कंस. लेकीनं काढलेले, बाईंनी नव्हे. ऑक्टोबर अखेर तळाचा आकडा चि ६ झाला होता, डिसेंबरात चि २. कधी एकदम वाढायचाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा ९ झाला होता. त्या आकड्याशेजारी बाईंनी रागाचं काही लिहिलं नव्हतं, फक्त "पुन्हा जूनची वही, पाने ४ ते ९" एवढंच. म्हणजे ती आठवीची वही त्यांनी दवाखान्यातल्या औषधासारखी हाताशी ठेवली होती, लागेल तेव्हा तेवढाच डोस.

मला शाळेत असताना कुणी अशी वही दिली असती तर, हा विचार त्या रात्री बराच वेळ मनात राहिला.

आता पत्र लिहिणं सोपं झालं. मोठे शब्द लागलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला जे लिहिलं ते असं होतं:

"आदरणीय बाईंना सा. न. वि. वि. मुलीला गणितात ७६ मिळाले. निकालानंतर तिच्या वह्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. जुलैत मी फोन करून आठवीचं का घेताय म्हणून तक्रार केली होती. ती माझी चूक होती, त्याबद्दल मनापासून माफी मागते. सप्टेंबरचं तीन गणितांचं पान मी झेरॉक्स काढून ठेवलं आहे. तिला गणित येत नाही असं आम्ही घरात तिच्यासमोर दोन वर्षं म्हणत होतो. तुम्ही ते एका सवयीवर आणलंत आणि ती सवय तिच्याच हातून सुधारून घेतलीत. आता ती घरात गणिताचं पुस्तक उघडताना दार लावून घेत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. मार्चमध्ये पेपरच्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही तिला घरी बोलावून फक्त दहा तोंडी गणितं घेतलीत आणि पोह्यांची बशी पुढे केलीत, ते तिनं मला काल सांगितलं."

खाली लेकीनं तिच्या दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, तिनं घडी घालूनच दिलं.

रविवारी, १८ तारखेला संध्याकाळी गेलो. बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात, हॉलमध्येच शिकवणी. भिंतीला फळा, खाली सतरंजी, कोपऱ्यात जुन्या कॅलेंडरांच्या पानांचा गठ्ठा. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलं कच्चं काम करतात. पेढे घेतले, देवापुढे ठेवले. ह्यांनी शेवटी राहवेना म्हणून खिशातून पाकीट काढलंच, ते बाईंनी दोन्ही हातांनी परत केलं. "फी वेळेवर दिलीत, मार्चचीही पाठवलीत. आणखी नको." पत्र मात्र उभ्यानंच वाचायला लागल्या, मग खुर्चीत बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "जुलैचा फोन मला आठवतो," म्हणाल्या. "पालकांचा तो फोन दरवर्षी येतो. तुमची माफी पहिल्यांदा आली." डोळे पुसले आणि मग एकदम कामाचं विचारलं, "भाग एकमध्ये किती आणि दोनमध्ये किती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. निकालात दोन पेपर वेगळे दिसत नाहीत, गणिताचा एकच आकडा येतो. ५८ ची फोड आमच्याकडे नव्हती.

बाई जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हाला मला काही द्यायचंच असेल तर एक मागू? उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवाल? गुण वाढवायला नाही. ७६ योग्यच आहेत. मला बघायचंय की पोरीनं प्रत्यक्ष पेपरात काय केलं. मी नऊ महिने वहीत बघते, पण तीन तासांच्या त्या खोलीत... म्हणजे दोन तास दहा मिनिटं, तिथे मुलं काय लिहितात हे मला कधीच दिसत नाही. पालक एवढे पैसे यासाठी घालवत नाहीत, आणि मी मागत नाही."

छायाप्रतीला तेव्हा एका विषयाचे चारशे रुपये लागत होते. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून बोर्डाच्या संकेतस्थळावर अर्ज सुरू झाले होते आणि २८ मेपर्यंतच मुदत होती. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी अर्ज भरला. नुसती गुणपडताळणी स्वस्त होती, पन्नास रुपयांत व्हायची, पण तीत फक्त बेरीज आणि न तपासलेला प्रश्न राहिलाय का एवढंच बघतात, उत्तरपत्रिका आपल्या हातात येत नाही. बाईंना हवं होतं ते छायाप्रतीतच होतं. मिक्सर किंवा साडीच्या मानानं चारशे रुपये काहीच नव्हते, आणि कुठल्याही दुकानात ही भेट मिळाली नसती.

जूनच्या मध्यात प्रत ई-मेलवर आली. मी छापून घेतली आणि आम्ही दोघी पुन्हा बाईंकडे गेलो. भाग एक ३३, भाग दोन २५.

आधी बीजगणित घेतलं. बाई बोटानं एकेक ओळ खाली सरकत होत्या. चौथ्या पानावर थांबल्या. लेकीनं एका ठिकाणी ऋण किंमत कंसाशिवाय लिहिली होती. मग त्या ओळीवर एक सरळ रेघ मारून खाली तीच ओळ पुन्हा लिहिली होती, कंसासकट, आणि कंस इतका दाबून काढला होता की छायाप्रतीतही तो बाकीच्या अक्षरांपेक्षा काळा दिसत होता. बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. "हे बघ," लेकीला म्हणाल्या, "हे तू एकटीनं केलंस. तिथे मी नव्हते." लेक खाली मान घालून हसत होती. मला वाटतं आमच्या पत्रापेक्षा, पेढ्यांपेक्षा, ती खोडलेली ओळ बाईंना जास्त पोचली.

भूमितीवर मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. पंधरा गुण गेले होते. त्यातला चार गुणांचा एक प्रश्न आणि शेवटचा तीन गुणांचा प्रश्न लिहिलाच नव्हता. "वेळ?" बाईंनी विचारलं. लेकीनं मान हलवली. रचनेत खूप वेळ गेला होता, कंपासनं दोनदा आकृती काढली होती. उरलेल्या आठांपैकी पाच सिद्धतेत गेले होते, विधान बरोबर लिहिलेलं पण कंसात कारण नाही. तिला कारण येत होतं, विचारल्यावर तोंडी सांगितलं तिनं. पेपरात घाईत सोडलं.

मी म्हणणार होते, "असू दे हो बाई, झालं ते छान झालं." पण बाई ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांनी शेल्फवरून डायरी काढली आणि लिहायला लागल्या. मोठ्यानंच म्हणत होत्या, "रचना आणि सिद्धता मी डिसेंबरात हातात घेतल्या. चिन्हांच्या मागे लागले आणि इकडे उशीर झाला. रचना सप्टेंबरपासून, दर शनिवारी एक, घड्याळ लावून. सिद्धतेत आधी उजवीकडचं कारण लिहायचं, मग डावीकडचं विधान." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे पंधरा गुण माझ्या हिशेबात धरा, ताई." मी धरले नाहीत, तसं त्यांना सांगितलंही. पण नऊ महिन्यांनंतर, फी संपल्यावर, कुणाच्या मुलीची उत्तरपत्रिका समोर घेऊन पुढच्या वर्षीचं वेळापत्रक बदलणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं.

पुरवणीच्या त्या मुलाबद्दल मी हळूच विचारलं. "रोज सकाळी येतो. चि अकरावरून चारवर आलाय," म्हणाल्या.

निघताना बाईंनी छायाप्रत मागून घेतली. लेकीचं नाव आणि बैठक क्रमांक असलेला भाग मी आधीच कापून ठेवला होता. त्यांनी प्रत फाइलमध्ये लावली, तिच्या आधी आमचं पत्र ठेवलं. मग लेकीला विचारलं, "शनिवारी तासभर मोकळी आहेस का? नवीन बॅचमध्ये एक मुलगी आलीय, b² च्या जागी उणे पंचवीस लिहिणारी. मी सांगून तिला पटत नाहीये. तुझी सप्टेंबरची वही घेऊन येशील?"

लेकीनं माझ्याकडे बघितलंही नाही. "किती वाजता, बाई?"